सहा हजार म्हणजे सहा हजार

"बुडाले तरी चालतील एवढेच पैसे क्रिप्टोत घाला." हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. इतकं निरुपयोगी आणि तरीही इतकं शहाणपणाचं वाटणारं वाक्य मी क्वचितच ऐकलंय. आमच्या ऑफिसात कॅन्टीनच्या रांगेत उभं राहिलं की दिवसाआड कुणीतरी ते कुणालातरी ऐकवत असतं, आणि ऐकणारा मान डोलावतो.

आता मला सांगा, क्लायंटने "सिस्टीम फास्ट असावी" एवढंच लिहून दिलं तर आपण काय करतो? हसतो, आणि विचारतो की फास्ट म्हणजे किती सेकंद? मग स्वतःच्या घरच्या पैशांच्या बाबतीत "चालतील एवढेच" हे आपल्याला कसं चालतं? कोणाला चालतील? एकट्याला की दोघांना? महिन्याला की आयुष्यात एकदा? आणि मुख्य म्हणजे हे ठरवायचं कधी, भाव शांत असताना की रात्री दोन वाजता पडदा लालभडक झालेला असताना?

म्हणून मी नवऱ्याला एक चिठ्ठी लिहून दिली. त्याला क्रिप्टोचा नाद आहे, मला नाही. मला त्यातलं काही कळत नाही असं मात्र समजू नका. कळतं, म्हणूनच लिहून दिली. फ्रिजवर लावलेली नाही, कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेवलीय. ती अशी :

१. दर महिन्याच्या १ तारखेला तुझ्या पगारातून ६,००० रुपये वेगळ्या खात्यात जातील. ते त्याच दिवशी खर्च झाले असं मी घरच्या हिशोबात लिहीन.

२. घरच्या बचतीतला एक रुपयाही तिकडे जाणार नाही. बचत म्हणजे एफडी, पीएफ, म्युच्युअल फंड, सोनं आणि पगाराचं खातं. क्रेडिट कार्ड, कुठलंही कर्ज आणि मित्रांकडची उसनवारी हीसुद्धा बचतच धरायची, कारण फेडायची वेळ आली की ती तिथूनच फिटणार.

३. पुढच्या महिन्याचे सहा हजार आधी मिळणार नाहीत. भाव कितीही पडला तरी.

४. उधारीवरचे सौदे नाहीत. म्हणजे फ्युचर्स नाहीत, मार्जिन नाही.

५. नफ्यात काही विकलंस तर नफ्याचे ३१.२ टक्के, कापलेला टीडीएस वजा करून, त्याच दिवशी कराच्या खात्यात. उरलेलं तू पुन्हा लाव किंवा घरी आण. घरी आलेला पैसा परत जाणार नाही.

६. या सहा हजारांत तू काय घेतलंस, काय विकलंस, किती घालवलेस हे मी विचारणार नाही. टोमणाही मारणार नाही.

७. आकडा बदलायचा तर फक्त एप्रिलमध्ये, दोघांच्या सहीने.

झालं. सात कलमं. याच्यावर जे काही ऐकून घ्यावं लागलं त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी ही कलमं अशी का आहेत ते सांगते.

आधी आकडा. सहा हजार हे बचतीच्या टक्केवारीवरून काढलेले नाहीत. "बचतीच्या पाच टक्के क्रिप्टोत" असं ठरवलं की बचत आणि जुगार एकाच थाळीत आले. बचत वाढली की जुगारही आपोआप वाढतो. आम्ही उलट बाजूने गेलो. वर्षाचे झाले बहात्तर हजार. हे सगळेच्या सगळे गेले असं धरलं तर घरच्या हिशोबातली कुठली ओळ बदलेल? घराचा हप्ता, मुलीची फी, विम्याचा प्रीमियम, एसआयपी, आईबाबांना पाठवायचे पैसे, यांतलं काही हलत असेल तर आकडा मोठा आहे. आमच्याकडे हलली ती फक्त नवऱ्याच्या स्वतःच्या चैनीची ओळ. त्याने बाहेरचं खाणं आणि नवनवे हेडफोन यांतून हे सहा हजार काढले. म्हणजे ही गुंतवणूक नाहीच, छंदाचा खर्च आहे. कुणी ट्रेकला जातं, कुणी कॅमेऱ्याची लेन्स घेतं, हा कॉईन घेतो. फायदा झाला तर बोनस.

आता "बचतीला हात लावणार नाही" हे लिहायला सोपं आहे. पण निश्चयावर चालणारी सिस्टीम रात्री दोनला पडतेच. त्यामुळे आम्ही पाइपलाइनच बदलली. एक्स्चेंजला जोडलेलं खातं निराळ्या बँकेत आहे. त्याला एफडी जोडलेली नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, आणि पगाराच्या खात्यातून तिकडे जाणारा एकच स्थायी आदेश आहे, सहा हजारांचा. पगाराचं खातं एक्स्चेंजच्या ॲपमध्ये नोंदवलेलंच नाही. रोखणं अशक्य आहे असं म्हणत नाही, पण मोडायचं झालं तर तीनचार पायऱ्या जागेपणी चढाव्या लागतात.

आणि मोडलंय की नाही हे कळायला एक ओळीची टेस्ट आहे. त्या खात्याच्या पासबुकात जमेच्या बाजूला फक्त दोन प्रकारच्या नोंदी दिसल्या पाहिजेत : १ तारखेचे सहा हजार, आणि एक्स्चेंजकडून परत आलेले पैसे. तिसरी कुठलीही जमा दिसली, मग ती पाचशेची का असेना, की करार मोडला. मी फक्त जमेची बाजू बघते. खर्चाच्या बाजूला काय चाललंय ते सहाव्या कलमानुसार माझं काम नाही.

तिसरं कलम लोकांना सर्वांत जास्त खटकतं. "अगं, पण भाव पडल्यावरच तर घ्यायचं असतं! तेव्हाच हात बांधलेस तर उपयोग काय?" यावर मी मे २०२२ मधलं ल्युना सांगते. महिन्याच्या सुरुवातीला तो कॉईन ऐंशी डॉलरच्या आसपास होता. त्याच्या जोडीचं टेरायूएसडी नावाचं नाणं एक डॉलरला बांधलेलं राहील अशी हमी होती, आणि ती हमी ल्युना छापूनच पाळली जायची. बांधलेली गाठ सुटली, लोक बाहेर पळायला लागले, तसे आणखी आणखी ल्युना छापले गेले, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत एका ल्युनाची किंमत एक सेंटसुद्धा उरली नाही.

आता त्या घसरणीत उभं राहून बघा. चाळीस डॉलरला तो "अर्ध्या किमतीत" होता. दहाला आणखी स्वस्त. एक डॉलरला तर फुकटच! प्रत्येक पायरीवर "आता याच्याखाली काय जाणार" हाच हिशोब बरोबर वाटतो, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीपेक्षा जास्त पैसे घालावेसे वाटतात, कारण सरासरी खाली आणायची असते. ज्याच्याकडे त्या महिन्याचे सहा हजारच होते, त्याचे सहा हजार गेले. ज्याने चाळीसला सहा, दहाला पुढच्या महिन्याचे सहा आणि एकला एफडी मोडून साठ घातले त्याचे बहात्तर गेले, म्हणजे आमचं वर्षाचं अख्खं बजेट एका आठवड्यात. कुठली घसरण तात्पुरती आणि कुठली कायमची हे घसरण चालू असताना कळत नाही. म्हणून तारीख आधी ठरवायची, भाव बघून नाही.

चौथ्या कलमामागेही तेच कारण आहे. सहा हजारांवर दहापट उधारी घेतली की साठ हजारांचा सौदा होतो, आणि भाव साधारण दहा टक्के उलटा गेला की (खरं तर त्याच्या थोडं आधीच) सहा हजार साफ. दहा टक्के म्हणजे क्रिप्टोमध्ये एका वाईट दिवसाचं काम. पण मला भीती सहा हजारांची नाहीये. सौदा बंद होण्याआधी "मार्जिन भरा" असा जो मेसेज येतो त्याची आहे. तो मेसेज महिन्याच्या बजेटचं रूपांतर तासाच्या तगाद्यात करतो. साधी खरेदी पडली तरी असा तगादा लावत नाही, नुसती पडून राहते.

आता पाचवं कलम. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर चार टक्के सेस, म्हणजे ३१.२. (फार मोठ्या उत्पन्नावर अधिभार वेगळा, तो आपल्याला लागायला अजून वेळ आहे!) खरी गोम पुढे आहे. एका कॉईनमधला तोटा दुसऱ्या कॉईनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पगारातून नाही, पुढच्या वर्षी ओढून नेऊन नाही, कशातूनच नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस आहे. तो एक्स्चेंज कापून घेतं आणि नंतर कराच्या हिशोबात तो वळता होतो.

हे वाचून आपण "हो, माहितीये" म्हणतो. घरच्या बचतीला त्याचं भोक कुठे पडतं ते मात्र आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. तर मांडूया. एक्स्चेंजचं कमिशन सोडून देते.

एप्रिल ते जून, तीन महिन्यांचे अठरा हजार एका कॉईनमध्ये घातले. ऑगस्टमध्ये ते अठ्ठेचाळीस हजारांना विकले. नफा तीस हजार, त्यावर कर ९,३६०. टीडीएस कापला गेला ४८०, हातात आले ४७,५२०. मोठ्या उत्साहात सगळेच दुसऱ्या कॉईनमध्ये घातले. तो आपटला. डिसेंबरमध्ये कंटाळून चौदा हजारांना विकला, १४० टीडीएस गेला, हातात १३,८६०.

आता त्या माणसाला विचारा, काय झालं? तो म्हणेल, "अठराचे चौदा झाले, चार हजार गेले, बजेटमध्येच होतं." चूक! पहिल्या विक्रीचा कर तसाच उभा आहे. दुसऱ्या कॉईनचा साडेतेहतीस हजारांचा तोटा करखात्याच्या लेखी शून्य. टीडीएसचे ६२० वजा जाता रिटर्न भरताना ८,७४० रुपये द्यायचे आहेत. तोट्यात गेलेला माणूस नफ्यावरचा कर भरणार! आणि कुठून भरणार? तोपर्यंत ते १३,८६० तिसऱ्या कुठल्यातरी कॉईनमध्ये अडकलेले असतात. मग ८,७४० जातात पगाराच्या खात्यातून. कुणी फसवलं नाही, कुणी एफडी मोडली नाही, आणि तरीही घरच्या बचतीला हात लागला.

म्हणून त्याच दिवशी. ऑगस्टमध्ये विकल्या विकल्या ९,३६० मधून ४८० वजा करून ८,८८० कराच्या खात्यात टाकले असते तर खेळायला ३८,६४० उरले असते. ते शून्य झाले तरी घरचा एक रुपया हलला नसता.

यात अजून एक खाच आहे. एक कॉईन देऊन थेट दुसरा घेतला, रुपये हातात आलेच नाहीत, तरी कायद्याच्या दृष्टीने पहिला विकलाच गेला. कर लागतोच. पण बाजूला काढायला रुपये नसतात. त्यामुळे आमच्याकडे अदलाबदल बंद. आधी रुपयांत विकायचं, कर बाजूला टाकायचा, मग हवं ते घ्यायचं. "तुझ्या नावाने दुसरं खातं उघडू, तिथे तोटा दाखवू" असलीही आयडिया निघाली होती. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांतून आलेलं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, आणि तोटा तर कुणाच्याच नफ्यातून वजा होत नाही. बाद.

त्याच कलमातला "घरी आलेला पैसा परत जाणार नाही" हा भाग एक्स्चेंजवर पडून राहिलेल्या नफ्यासाठी आहे. तो आमच्या हिशोबात शून्य धरला जातो. वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी चोरी झाली. वीस कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीचे कॉईन गेले, पैसे काढणं थांबलं, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. ॲपमध्ये आकडा दिसणं आणि आपल्या बँकेत पैसे असणं यांतलं अंतर लोकांना सव्वा वर्ष मोजावं लागलं.

आता टीकाकारांकडे वळू. पहिली जमात म्हणते, "काय रे, बायकोची परवानगी घ्यावी लागते का?" नवऱ्याच्या टीममधे हा विनोद दोन आठवडे चालला होता. अहो, परवानगी लहान मुलाला देतात. परवानगी देणाऱ्याला ती कधीही काढून घेता येते आणि रोज चौकशी करता येते. इथे सहावं कलम वाचा. मी माझा विचारायचा हक्क लिहून सोडलाय. सहा हजारांत त्याने कुत्र्याच्या चित्राचा कॉईन घेतला तरी मला गप्प बसायचंय, आणि विश्वास ठेवा, ते सोपं नाही. त्याने हद्द मान्य केली आणि मी हद्दीच्या आत डोकावणं बंद केलं. जे लोक हा विनोद करतात त्यांच्यातल्या कितीजणांच्या बायकांना नवऱ्याने किती पैसे कुठे घातलेत हे माहीत आहे, हे मी विचारत नाही. तुम्हीच विचारा.

दुसरी जमात गोड आहे. "नात्यात विश्वास असेल तर लिहायची गरज काय?" या मंडळींनी भाड्याचा करार केला नसेल, की सख्ख्या भावांच्या वाटण्या बघितल्या नसतील? माझा नवऱ्यावर विश्वास आहेच. पण "थोडेसे" म्हणजे किती याबद्दलची त्याची आणि माझी आठवण सारखी असेल यावर नाही. तेजीत त्याला वाटणार आपण दहा म्हणालो होतो, मंदीत मला वाटणार तीन म्हणालो होतो. कागदाला असं काही वाटत नाही. आणि आकडा फक्त एप्रिलमध्येच का? कारण वाढवावासा वाटतो तो नेमका तेजीच्या टोकाला. बिटकॉईनने नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरचं टोक गाठलं तेव्हा सगळ्यांनाच आपलं बजेट कंजूष वाटत होतं. बरोबर वर्षाने तो सोळा हजारांच्या आसपास होता.

तिसरी जमात आमच्या सासूबाईंची. "ते सहा हजार तरी कशाला? एसआयपीत घाला की." या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. बहात्तर हजार एसआयपीत घातलेले नक्कीच बरे. पण त्या न्यायाने माझं वर्षाचं नाटकाचं तिकीट आणि सासूबाईंची अष्टविनायक सहलसुद्धा एसआयपीत जाईल. प्रश्न छंद असावा का हा नाहीच. तो त्याच्या कुंपणात राहतो का, एवढाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी "बुडाले तरी चालतील एवढेच" म्हणालं तर मान डोलावू नका. तीन प्रश्न विचारा : किती रुपये, कुठल्या खात्यातून, आणि नफ्यावरचा कर कुठे ठेवलायस? पहिल्या दोनांची उत्तरं बहुतेकांना देता येतात. तिसऱ्याला जो अडखळेल, त्याचं बजेट त्याच्या घरच्या बचतीतूनच चाललंय. त्याला ते जुलैमध्ये रिटर्न भरताना कळेल.